परकीय गुंतवणुकीच्या लवादात न्यायमित्र म्हणून जाताय? या चुका टाळा

दार-ए-सलामच्या पाणीपुरवठ्याचं काम २००३ मध्ये सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे गेलं. मे २००५ मध्ये टांझानिया सरकारने करार संपवल्याचं जाहीर केलं, १ जूनला कंपनीचा कारभार ताब्यात घेतला आणि तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना देशाबाहेर धाडलं. कंपनीमागची गुंतवणूकदार बायवॉटर गॉफ ही ब्रिटन-टांझानिया गुंतवणूक कराराचा आधार घेऊन इक्सिडच्या, म्हणजे जागतिक बँकेच्या गुंतवणूक-वाद केंद्राच्या, लवादाकडे गेली. खटला पैशांचा होता, पण त्यात एका शहराचं पाणी अडकलं होतं. म्हणून पाच संस्थांनी न्यायमित्र, म्हणजे अमायकस, खटल्यात पक्षकार नसलेले त्रयस्थ, म्हणून म्हणणं मांडायची परवानगी मागितली. त्यांतल्या तीन टांझानियातल्या होत्या.

अशा अर्जात लोक पहिली चूक करतात ती गोपनीयतेबद्दल. कुणी धरून चालतं की लवाद म्हणजे सगळं बंद दाराआड. कुणी म्हणतं, सरकार पक्षकार आहे म्हणजे कागद लोकांचेच. इक्सिडच्या मूळ करारात सरसकट गोपनीयता नाही आणि सरसकट खुलेपणाही नाही. या खटल्यात सरकारने काही कागद बाहेर दिले, गुंतवणूकदाराने हरकत घेतली आणि २९ सप्टेंबर २००६ ला लवाद मंडळाने कागदांच्या प्रकारानुसार निवाडा केला. पक्षांची लेखी निवेदनं, दुसऱ्या बाजूने हजर केलेले कागद, सुनावणीची टिपणं आणि पत्रव्यवहार खटला चालू असेपर्यंत बाहेर द्यायचे नाहीत. खटल्याविषयी सर्वसाधारण बोलायला मात्र मनाई नव्हती, फक्त त्याने भांडण चिघळता कामा नये. तेव्हा ‘हा खटला गुप्त आहे का?’ असं विचारू नका. कोणता कागद, कोणत्या आदेशाखाली, कधीपर्यंत बंद आहे, हे विचारा.

दुसरी चूक यातूनच जन्मते: ‘आधी कागद द्या, मग लिहितो.’ बायवॉटरच्या खटल्यात पाचही संस्थांनी कागद आणि सुनावणीला हजर राहण्याची मुभा मागितली होती. २ फेब्रुवारी २००७ च्या आदेशाने लेखी निवेदनाला होकार मिळाला, बाकी दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या. मंडळाचं म्हणणं असं की न्यायमित्राने करारातल्या तपशिलांचा कीस काढायचा नाही. व्यापक सार्वजनिक प्रश्न मांडायला उपलब्ध माहिती पुरते. मला हे पूर्ण पटत नाही. गुंतवणूकदाराचं नेमकं म्हणणं ठाऊक नसताना त्याला उत्तर देणं म्हणजे अंधारात हात फिरवणं. पण अर्ज याच चौकटीत बसवावा लागतो. संस्थांनी पाण्याचा मानवी हक्क आणि अशा सेवेत उतरणाऱ्या गुंतवणूकदाराची जबाबदारी यांवर भर दिला. जुलै २००८ च्या निवाड्यात त्यांचं म्हणणं विस्ताराने नोंदवलं गेलं आणि ते उपयोगी पडल्याचंही मंडळाने लिहिलं. टांझानियाने गुंतवणूक कराराचा भंग केल्याचं ठरलं, तरी नुकसानभरपाई शून्य. ती न्यायमित्रांमुळे टळली असं मात्र म्हणू नये. सरकारच्या कृतीमुळे पैशांत मोजता येईल असं नुकसान झालं नाही, कारण धंद्याला तोवर किंमतच उरली नव्हती, हे त्यामागचं कारण.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सरकारचाच बचाव नव्या शब्दांत लिहिणं. मंडळाला पक्षकारांकडून न मिळणारी दृष्टी किंवा माहिती हवी असते, तीही वादाच्या कक्षेतली. झिम्बाब्वेविरुद्धच्या फॉन पेझोल्ड या जमिनीच्या खटल्यात २०१२ मध्ये स्थानिक समुदायांचा आणि एका मानवी हक्क संस्थेचा अर्ज याच कसोट्यांवर अडला. त्यांच्या स्वतंत्रपणाबद्दल रास्त शंका आहे, आणि आदिवासींच्या हक्कांचा मुद्दा दोन्ही पक्षांनी वादात आणलेलाच नाही, असं मंडळ म्हणालं. जमिनीवर राहणाऱ्यांचा प्रश्न पक्षांनी काढला नाही म्हणून तो कक्षेबाहेर, ही कसोटी फार अरुंद आहे. तरीही अर्जाच्या पहिल्याच पानावर आपला मुद्दा वादातल्या कोणत्या प्रश्नाशी जोडला जातो हे दाखवा, आणि सरकारशी असलेला कुठलाही संबंध स्वतःहून सांगा. इक्सिडच्या २०२२ च्या नियमांतला ६७ वा नियम तर तुमचे लागेबांधे आणि निवेदनासाठी मिळणारी आर्थिक वा इतर मदत उघड करायला सांगतोच. त्याच नियमाने मंडळ न्यायमित्राला कागद देऊ शकतं, पण एका पक्षाने हरकत घेतली की ते दार बंद होतं.

उरली नियम चुकीचा लावण्याची चूक. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचे, म्हणजे अन्सिट्रलचे, पारदर्शकता नियम १ एप्रिल २०१४ पासून आहेत, पण त्याआधीच्या गुंतवणूक करारांना ते आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी पक्षांची किंवा संबंधित देशांची संमती लागते. भारत इक्सिडचा सदस्यच नाही, म्हणून भारताविरुद्धच्या दाव्यात ६७ व्या नियमावर भिस्त ठेवू नका. भारताच्या २०१५ च्या नमुना गुंतवणूक करारात कागद आणि सुनावणी खुली ठेवण्याचं कलम आहे. पण ज्या कराराखाली दावा दाखल झालाय त्यात ते उतरलंय का, हे त्या कराराचा मजकूर उघडूनच तपासावं लागतं.