शाळासमूहाचे ओकेआर: प्रत्येक निकाल दोन प्रश्नांनी तपासा

ओकेआर म्हणजे एक उद्दिष्ट आणि ते गाठलं का हे दाखवणारे मोजता येण्यासारखे निकाल. समजा, आठ शाखांच्या संस्थेचं उद्दिष्ट आहे: ‘तिसरीचं प्रत्येक मूल मराठी समजून वाचेल.’ त्याखाली हमखास लिहिलं जातं, ‘शिक्षकांची चार प्रशिक्षणं घेणे.’ हे काम झालं, निकाल नव्हे. म्हणून पहिला प्रश्न: चारही प्रशिक्षणं झाली आणि मुलं तरीही अडखळत राहिली, असं होऊ शकतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती ओळ उद्दिष्टाशी जोडलेली नाही. ती कृती-यादीत टाका.

त्याऐवजी लिहा: ‘अनोळखी उतारा वाचून पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं देणारी मुलं जूनमध्ये 100 पैकी 45, मार्चपर्यंत 75.’

आता दुसरा प्रश्न: हा आकडा कोण, कधी, कशावरून काढणार? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर निकाल मोजता येण्यासारखा नाही. जून आणि मार्चचे उतारे वेगळे पण सारख्याच काठिण्याचे हवेत, आणि तपासणी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी करावी. स्वतःच्या वर्गाला गुण देताना हात सैल सुटतो, हे आपण सगळेच जाणतो. गैरहजर मुलंही एकूण संख्येत धरा.

आणि नुसत्या सरासरीवर थांबू नका. सात शाखा 80 वर आणि एक 40 वर असली, तरी सरासरी 75 च दिसते. म्हणून ‘कोणतीही शाखा 65 च्या खाली नाही’ हेही त्याच निकालात लिहा.