फोटोवरून बाजाची पेटी कोणी बनवली ते कसं ओळखावं

"आजोबांची पेटी पॅरिसची आहे, रीडवर लिहिलंय." असा निरोप आणि सोबत एक अंधुक फोटो मला महिन्यातून दोनदा तरी येतो. रीडवर काय लिहिलंय यावरून पेटी कोणाची ते सांगणारे सल्ले इतके पसरलेत, की आधी तो गैरसमज उपटून टाकावा लागतो. पेटी बनवणारा वेगळा, तिच्यातले सूर, म्हणजे रीड, घडवणारा वेगळा आणि पुष्कळदा दर्शनी पाटीवर ज्याचं नाव असतं तो दुकानदार तिसराच. फोटो पाहताना आपण या तिघांपैकी कोणाची खूण पाहतोय हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

पाच फोटो लागतात: समोरची पाटी, वरची जाळी, मागून भाता, झाकण काढल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांची मागची टोकं आणि सुरांची फळी उलटी करून घेतलेला एक. यातले पहिले तीन कोणीही काढतं.

पाटी वाचताना नावापेक्षा पत्ता नीट वाचा. "Bombay 28" असं असेल तर ती जुन्या टपाल विभागाची खूण आहे. सहा आकडी पिनकोड 1972 साली आला, Bombay 28 म्हणजे दादर, त्याचा मग 400 028 झाला. "Poona", "Calcutta" ही स्पेलिंगंही काळ सांगतात. मात्र जुन्या पाट्या संपेपर्यंत वापरल्या जात, म्हणून पत्त्यावरून फक्त "याआधीची नव्हे" एवढंच ठामपणे म्हणता येतं. लाहोरचा पत्ता असेल तर पेटी बहुधा फाळणीआधीची. पाटी नंतर लावलेली असू शकते. तिच्या कडेला पॉलिशचा रंग बदललाय का, आणि जवळ स्क्रूची जुनी भोकं बुजवलेली दिसतात का, ते मोठं करून पाहा.

जाळीवर फार वेळ घालवू नका. वेलबुट्टीचे साचे एकमेकांकडून सर्रास उचलले जातात, त्यामुळे दोन जाळ्या सारख्या दिसल्या म्हणून पेट्या एकाच हातच्या ठरत नाहीत.

आता सूर. मी इथेच वर्षानुवर्षं चुकलो. शिक्का दिसला की मी निकाल देऊन मोकळा व्हायचो. पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर आणून पेटी इथे बांधायची, ही जुनी रीत होती. गुजरातेत पालीताण्याला सूर घडवणारे कारागीर आहेत आणि तिथले सूर देशभरच्या पेट्यांत बसतात. म्हणजे PARIS असा शिक्का खरा असला तरी तो सुरांचा जन्म सांगतो, पेटीचा नाही. आणि तो खराच असेल असंही नाही, कारण पितळेवर अक्षरं ठोकायला एक ठसा पुरतो.

म्हणून एका रीडचा फोटो कधीच मान्य करू नका. 42 पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत 84 सूर असतात. दोन्ही ओळी पूर्ण दिसतील असा फोटो मागवा आणि मग मोजा: शिक्का किती सुरांवर आहे, अक्षराची घडण सगळीकडे तीच आहे का, पितळेचा रंग एकसारखा काळवंडलाय का? स्क्रूही पाहा. जुन्या पेटीत एका खाचेचे स्क्रू असतात. मध्येच अधिक चिन्हाच्या खाचेचे चार स्क्रू दिसले, तर ते सूर नंतर कोणीतरी काढलेत किंवा बदललेत. आणि एखाद्या रीडला स्क्रूच नसतील, ती खाचेत सरकवलेली असेल आणि टोकाला आकड्याने ओढण्यासाठी खोबण असेल, तर ती अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनची. संगीत नाटकांत वाजायचे ते ऑर्गन याच जातीचे, आणि ते हवा आत ओढून वाजतात. आपली पेटी हवा बाहेर ढकलून वाजते.

फोटो काढणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. फ्लॅश वापरायचा नाही, कारण पितळ चमकतं आणि अक्षर पुसून जातं. खोलीत अंधार करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की उथळ शिक्कासुद्धा सावलीने उठून दिसतो. दुसरं, अक्षर दिसावं म्हणून रीड घासायची नाही. पॉलिश पेपर रीडच्या जिभेला लागला की सूर उतरतो नाहीतर चढतो, आणि पेटी जुळवून घ्यायला पैसे मोजावे लागतात. जिभेला बोटही लावू नका, घाम पितळ खातो.

इतकं करूनही बनवणारा सापडत नाही, तेव्हा मी पट्ट्यांच्या शेपटांकडे जातो. पट्ट्या एकाच फळीतून कापतात, म्हणून त्यांचा क्रम चुकू नये यासाठी कारागीर प्रत्येकीवर आकडा घालतो, बहुधा पेन्सिलीने. तो आकडा गिऱ्हाइकासाठी नसतो, त्यामुळे कारागीर तो आपल्या हाताला सवयीच्या लिपीत लिहितो.

गेल्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका भजनी मंडळाची पेटी अशीच आली. पाटी गेलेली, पुढच्या फळीवर फिकट चौकोन आणि दोन भोकं तेवढी राहिलेली. 42 पट्ट्या, दुहेरी सूर. मंडळी PARIS वर अडून होती. मी मोजले: शिक्का खर्जाच्या ओळीतल्या 31 सुरांवर, उरलेले 11 कोरे आणि उजळ, आणि नेमके त्याच ठिकाणी नवे स्क्रू. दुसऱ्या ओळीत शिक्काच नाही. म्हणजे एक ओळ जुन्या शिक्क्याची, तीही दुरुस्त केलेली, आणि दुसरी वेगळ्या ठिकाणची.

मग शेपटांचा फोटो मागवला. पहिल्या तीन आकड्यांवरून काही ठरेना, पण चौथ्या पट्टीवर इंग्रजी 8 लिहिलेला होता. चौदाव्यावर एक आणि 8, चोविसाव्यावरही शेवटी तोच 8. मंडळींना वाटलं, पट्ट्यांची अदलाबदल झालीय. तसं नव्हतं. बंगालीत चारचा आकडा अगदी इंग्रजी 8 सारखा दिसतो. पट्ट्या आपापल्या जागीच होत्या, आकडे बंगाली होते.

हात बंगाली होता, एवढं त्यावरून ठरतं. कोलकात्याला 1875 पासून द्वारकानाथ घोष यांची द्वारकिन कंपनी होती आणि पुढे तिथे अनेक कारखाने झाले, त्यामुळे पेटी तिथली असण्याची शक्यता मोठी. पण बंगाली कारागीर दुसऱ्या शहरातही काम करत असू शकतो, आणि कारखान्याचं नाव आकड्यांतून निघत नाही. त्या फिकट चौकोनाची मापं घेऊन ठेवली आहेत, लांबी 9 सेंटिमीटर, रुंदी 2.5, भोकांमधलं अंतर 8. तशी पाटी शाबूत असलेली दुसरी पेटी समोर आली की ताडून पाहता येईल. तोवर मंडळाच्या वहीत मी एवढंच लिहून दिलं: घडण बंगाली कारागिराची, सूर दोन ठिकाणचे, 11 नंतर बदललेले, कारखाना अज्ञात.