सोसायटीच्या नोटिशीवरून मोबाइल नंबर असा काढून घेतला

थकबाकीदारांच्या यादीत फ्लॅट क्रमांकापुढे माझा मोबाइल नंबरही छापला होता. लिफ्टजवळच्या फलकावर यादी लागली आणि कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले. वॉचमनला सांगितलं, सेक्रेटरींना तोंडी सांगितलं; "बघतो" यापलीकडे काही नाही. वैताग आला.

शेवटी अर्ज दिला. थकबाकीचा वाद त्यात मुद्दाम आणला नाही, नाहीतर उत्तर त्याचंच येतं. मजकूर एवढाच:

"मा. सचिव यांस,
विषय: सूचनाफलकावरील माझा मोबाइल नंबर काढणेबाबत.
दि. … च्या सूचनेत माझा नंबर आहे. तो जाहीर करण्यास माझी संमती नाही. फलक, लिफ्ट व व्हॉट्सॲप ग्रुपवरील प्रती काढून नंबराविना सूचना लावावी. कार्यालयीन नोंदीत नंबर राहू द्यावा."

शेवटच्या वाक्यामुळे "मग संपर्क कसा करायचा?" हा प्रश्नच उरला नाही. सोबत फलकाचा तारखेसह फोटो जोडला. दोन प्रती नेल्या, एक देऊन दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतला. फलकावरची यादी बदलली. ग्रुपवरची फाइल मात्र ज्यांनी आधीच उतरवून घेतली, त्यांच्याकडे राहिलीच.