तासाला वही न्यावी की लॅपटॉप? ग्लायकोलिसिसच्या एका तासाचा हिशोब

इंग्रजीतून शिकवणारे प्राध्यापक मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतात. हातानं लिहिण्याचा वेग मिनिटाला २०-२५ शब्दांच्या पुढे फारसा जात नाही, आणि टायपिंगची बऱ्यापैकी सवय असलेला विद्यार्थी ४० पर्यंत पोचतो. आता ४८ मिनिटांचा तास धरा. समोरून सहा हजारांवर शब्द येतात. एक क्षणही न थांबता लिहिलं तरी वहीत हजारेक उतरतात आणि लॅपटॉपवर एकोणीसशे. म्हणजे वहीवाल्याचे सहातले पाच शब्द सुटतात, लॅपटॉपवाल्याचे तीनातले दोन.

सगळं उतरवून घेणं दोघांनाही अशक्य आहे. फरक एवढाच, की वहीवाल्याला हे पाचव्या मिनिटाला कळतं आणि तो निवडून लिहू लागतो. लॅपटॉपवाल्याला मात्र आपण गाठू असं वाटत राहतं. तो प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग टाइप करतो, तेवढ्यात दुसरं वाक्य सुरू होतं. संध्याकाळी फाइल उघडली की अर्धवट तुटलेल्या वाक्यांची रांग दिसते, आणि कारण सांगणारा भाग नेमका वाक्याच्या उत्तरार्धात असल्यामुळे तोच गायब असतो.

अमेरिकेत पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, त्यांतले बरेच वक्त्याचे जसेच्या तसे होते, आणि संकल्पनेवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. ‘शब्दशः उतरवू नका’ असं आधी बजावूनही ती सवय सुटली नाही. पण २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा शब्दशः लिहिण्याचा फरक दिसला, गुणांमधला फरक मात्र दिसला नाही. म्हणून ‘हातानं लिहिलं की आपोआप लक्षात राहतं’ यावर विसंबू नका. त्या दिवशीच्या तासात नेमकं काय येणार आहे, त्यावरून वही की लॅपटॉप ते ठरवावं.

बी.एस्सी.च्या बायोकेमिस्ट्रीतला ग्लायकोलिसिसचा, म्हणजे पेशीत ग्लुकोज दहा पायऱ्यांनी फुटून ऊर्जा कशी मिळते त्याचा, तास घ्या. स्लाइडवर दहाही पायऱ्या, एन्झाइमांची नावं आणि रेणूंच्या रचना असतात. ते सगळं पुस्तकातही आहे. प्राध्यापक तोंडानं जे जोडतात ते वेगळं असतं: पहिली, तिसरी आणि दहावी पायरी उलट फिरत नाही, तिसऱ्या पायरीवरचं पीएफके-१ हे एन्झाइम पेशीत एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, भरपूर असेल तर मंदावतं आणि ऊर्जा कमी पडल्याची खूण असलेलं एएमपी वाढलं की वेग घेतं, चौथ्या पायरीला सहा कार्बनचा रेणू फुटून तीन-तीन कार्बनचे दोन होतात, म्हणून पुढचं सगळं दोनानं गुणायचं.

हे लॅपटॉपवर घेणारा बहुधा एकाखाली एक दहा ओळी टाइप करतो. बाण आणि फाटे काढायला तो मेनूत शिरतो तोवर स्लाइड बदललेली असते. मग ‘pfk atp inhibit’ अशी एक ओळ उरते. ती कुठल्या पायरीची आणि असं का होतं, हे तिच्यात नसतं.

वहीत याच तासाला एक उभी रेघ पुरते. पान उभं तीन भागांत धरा. मधल्या भागात रेघेवर १ ते १० आकडे टाका आणि रेणूंची फक्त आद्याक्षरं लिहा. उजवीकडे एटीपीचा जमाखर्च: पहिल्या आणि तिसऱ्या पायरीसमोर उणे १, सातव्या आणि दहाव्यासमोर अधिक २. बेरीज करा: चार मिळाले, दोन गेले, निव्वळ दोन. डावा भाग फक्त ‘का’साठी मोकळा ठेवा. न उलटणाऱ्या तीन पायऱ्यांना लाल गोल करा, तिसऱ्यासमोर ‘एटीपी↑ → मंद, एएमपी↑ → जलद’ एवढं लिहा. चौथ्या पायरीवर रेघेला फाटा काढून ‘×२’ लिहिलं की उजवीकडचे अधिक २ कुठून आले तेही पानावरच दिसतं. या सगळ्याला शंभराच्या आत शब्द लागतात. मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं तरी बिघडत नाही. वेगात असताना जो शब्द आधी सुचेल तो लिहावा. एन्झाइमांच्या नावांचं स्पेलिंग मात्र इंग्रजीतच असावं, कारण पेपरात ते तसंच लिहायचं असतं.

स्लाइड आदल्या दिवशी मिळत असतील तर काम आणखी हलकं होतं. पॉवरपॉइंटमध्ये Print मधून Handouts खालचं `3 Slides` निवडलं की एका पानावर तीन स्लाइड आणि प्रत्येकीशेजारी रेघा छापून येतात. मग स्लाइडवर असलेली एकही गोष्ट लिहायची नाही, फक्त बोललेलं टिपायचं. `6 Slides` घेऊन कागद वाचवू नका; त्यात शेजारी रेघा येत नाहीत आणि लिहायला जागाच उरत नाही.

लॅपटॉप सरस ठरतो तो आकृत्या कमी आणि मजकूर जास्त असलेल्या तासाला: कायदा, राज्यशास्त्र, इतिहास. घटनेवरच्या तासात केशवानंद भारती खटला येतो. १९७३ साल, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, मूलभूत संरचनेचं तत्त्व, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही. असे चाळीस खटले सत्रभर साचतात. परीक्षेआधी मूलभूत संरचना, म्हणजे फाइलमधलं ‘basic structure’, कुठेकुठे आली ते `Ctrl+F` दोन सेकंदांत दाखवतं; वहीत त्यासाठी अर्धा तास पानं उलटावी लागतात. मोठे शब्द वर्डमध्ये File > Options > Proofing > AutoCorrect Options इथे आधीच भरून ठेवावेत: `bsd` टाइप केलं की पूर्ण `basic structure doctrine` उमटतं. सत्राच्या सुरुवातीला असे पंधरा-वीस शब्द पुरेत, त्याहून जास्त केले तर आठवत नाहीत. आणि वायफाय बंद ठेवा. त्रास फक्त तुमचाच नसतो. स्क्रीनवर दुसरं काही चालू असेल तर मागच्या बाकावरच्याचंही लक्ष तिकडे जातं.

काहीतरी सुटणारच. सुटलं की शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका, त्यात पुढचं वाक्यही जातं. दोन ओळी मोकळ्या सोडून प्रश्नचिन्ह आणि घड्याळातली वेळ लिहा. फळ्याचा फोटो काढलात तर त्या जागी ‘फोटो ११:२०’ अशी नोंद हवी, नाहीतर महिन्यानं गॅलरीतल्या चारशे फोटोंत तो कुठल्या तासाचा ते कळत नाही.

हे मोकळे खळगे त्याच दिवशी भरावेत. वहीवाल्यानं पान झाकून कोऱ्या कागदावर रेघ, आकडे आणि जमाखर्च आठवून काढावा, मग पान उघडून चुकलेलं लाल करावं. याला वीस मिनिटं लागतात. लॅपटॉपवाल्याचं काम उलटं: एकोणीसशे शब्दांतून तीनशे उरेपर्यंत कापायचं, आणि प्रत्येक परिच्छेदावर त्याचं उत्तर असलेला एक प्रश्न लिहायचा. प्रश्न सुचत नसेल तर तो परिच्छेद न समजताच टाइप झालेला आहे. तो पुस्तकातून पुन्हा वाचावा लागेल.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. विद्यापीठाची लेखी परीक्षा अजूनही पेनानंच द्यावी लागते, आणि सत्रभर न लिहिलेला हात पहिल्याच तासात दुखू लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी एक मोठं उत्तर, घड्याळ लावून, हातानं लिहून काढा.