कंपनीच्या स्थापनेची तारीख शोधताना या चुका टाळा

कंपनी कधीची आहे हे शोधायला बसलेली बहुतेक मंडळी तिच्या संकेतस्थळावरचं ‘आमच्याविषयी’ पान उघडतात, तिथलं साल उचलतात आणि मोकळी होतात. ते साल धंदा सुरू झाल्याचं असू शकतं, पहिल्या दुकानाचं असू शकतं, किंवा आजोबांच्या भागीदारी पेढीचंही. कायद्याच्या लेखी कंपनी अस्तित्वात येते ती निबंधकाने नोंदणी प्रमाणपत्रावर घातलेल्या तारखेला. त्याच्या आदल्या दिवशी ती नसते, त्यामुळे तिच्या नावाने आधीच झालेला करार दिसला तर सही नेमकी कोणी केली हे तपासावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नोंदवहीत सापडलेली पहिलीच तारीख खरी मानल्यामुळे. अ‍ॅमेझॉनचंच बघा. कंपनी जुलै १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात नोंदली गेली, तेही ‘कडाब्रा’ या नावाने. संकेतस्थळ ग्राहकांसाठी उघडलं जुलै १९९५ मध्ये. मग १९९६ साली कंपनीची डेलावेअर राज्यात पुन्हा नोंदणी झाली. आता डेलावेअरच्या नोंदवहीत शोधणाऱ्याला १९९६ दिसणार, आणि ग्राहकांच्या आठवणीतलं साल १९९५. यातलं एकही खोटं नाही, पण प्रत्येक साल वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सुटका एकच: कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा समभागविक्रीच्या माहितीपत्रकात ‘इतिहास’ हा भाग वाचायचा. मूळ नोंदणी, नावबदल आणि स्थलांतर तिथे सहसा क्रमाने दिलेलं असतं. दहा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसणाऱ्यांनी निदान तारखेसमोर ‘ही कुठल्या नोंदवहीतली’ एवढं तरी लिहावं.

उलटा प्रकारही होतो, म्हणजे धंदा जुना आणि कंपनी नवी. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं काम १९६८ पासून चालू आहे, पण तेव्हा ती टाटा सन्सचा एक विभाग होती. त्याच नावाची स्वतंत्र कंपनी नोंदली गेली १९ जानेवारी १९९५ला आणि विभागाचा धंदा तिच्याकडे आला २००४ मध्ये. ‘१९६८ साली स्थापन झालेली कंपनी’ असं लिहिणारा धंद्याबद्दल बरोबर असतो आणि कंपनीबद्दल चूक. भारतीय कंपन्यांच्या बाबतीत ही गफलत पकडायला ओळख क्रमांक कामी येतो:

```
L22210MH1995PLC084781
```

या २१ अक्षर-अंकांपैकी नववा ते बारावा अंक म्हणजे नोंदणीचं साल. हे साल आणि संकेतस्थळावरचं साल जुळत नसेल तर समजायचं, मागे विभाग, पेढी किंवा विलीनीकरण आहे. पण या क्रमांकातून फक्त सालच कळतं. पूर्ण तारखेसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती काढायची आणि `Date of Incorporation` हा रकाना बघायचा. एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीच्या, क्रमांकात साल नसतंच, उगाच शोधत बसू नका.

नावबदलाचं प्रमाणपत्र मूळ समजणं ही दुसरी नेहमीची चूक. कंपनीने नाव बदललं किंवा खाजगीची सार्वजनिक झाली की नवं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवी तारीख असते आणि शीर्षकही जवळजवळ तेच. समजा, २००९ची कंपनी २०२१ मध्ये सार्वजनिक झाली. निविदेत पाच वर्षांच्या अस्तित्वाची अट होती आणि २०२३ मध्ये कारकुनाने वरचंच प्रमाणपत्र जोडलं. कागदावर कंपनी दोन वर्षांची झाली. म्हणून मजकूर शेवटपर्यंत वाचायचा: नावबदलाचा किंवा रूपांतराचा उल्लेख असेल तर ते मूळ प्रमाणपत्र नव्हे. मूळ स्थापनेची तारीख या बदलांनी हलत नाही.

धंदा सुरू झाल्याची तारीख मात्र कुठल्याच एका कागदावर खात्रीने मिळत नाही. भारतात २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या, भागभांडवल असलेल्या कंपनीला १८० दिवसांत व्यवसाय सुरू करण्याबाबतचं घोषणापत्र द्यावं लागतं. ते दिसलं की लोक तीच व्यवहाराची पहिली तारीख धरतात. त्यात संचालक एवढंच सांगतो की मूळ भागधारकांनी शेअर्सचे पैसे भरले आहेत. म्हणजे मोकळीक मिळाली, विक्री झाली असं नाही. खरी तारीख पहिल्या विक्री बिलात आणि पहिल्या नफा-तोटा पत्रकाच्या उत्पन्नाच्या आकड्यात शोधावी. पहिली एक-दोन वर्षं उत्पन्न शून्य असेल तर कंपनी आधी नोंदवून ठेवली होती, बस.

डोमेन नोंदणीची तारीख पुरावा म्हणून आणू नका. डोमेन कंपनीच्या आधीही घेतलेलं असतं आणि दुसऱ्याकडून विकतही.

आणि तारीख तक्त्यात चिकटवताना ०५/०७ हे पाच जुलै की सात मे, हे तिथल्या तिथे बघा. महिना अक्षरात लिहिला की हा वाद उरत नाही.