दुसरी ईमेल दिवस मोजून पाठवू नका

तुम्ही बिलिंग सॉफ्टवेअर विकत असाल, तर दुकानदाराने त्यात खातं उघडणं म्हणजे यश नव्हे. खऱ्या गिऱ्हाइकाला पहिलं खरं बिल गेलं, की दुकानदार टिकतो. म्हणून स्वागताच्या ईमेलमध्ये एकच बटण ठेवा: ‘पहिलं बिल बनवा’. लोगो, रिपोर्ट, स्टॉक नंतर.

पुढची ईमेल तिसऱ्या दिवशी सरसकट सगळ्यांना नको. माणूस कुठे अडकला ते बघून जाऊ द्या. समजा, हार्डवेअरवाल्याने बिलाचा मसुदा केला, पण पाठवला नाही. बऱ्याचदा गाडी बिल नंबरावर अडते. छापील बिलबुकात तो ३४७ पर्यंत आलाय आणि सॉफ्टवेअर १ दाखवतंय. जीएसटीत नंबर सलग हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, त्यामुळे तो बिचकतो. त्याला एवढंच लिहा: ‘बिलबुकातला शेवटचा नंबर ३४७ असेल तर इथे ३४८ टाका,’ आणि लिंक थेट त्याच सेटिंगवर न्या. मुखपृष्ठावर सोडलंत तर तो शोधत बसणार नाही.

बिल गेलं की ईमेलची ही मालिका तिथेच थांबली पाहिजे. नाहीतर बिल पाठवून बसलेल्याला संध्याकाळी ‘अजून बिल बनवलं नाही?’ अशी ईमेल जाते. टेस्ट नावाने केलेलं एक रुपयाचं बिल मात्र यात धरू नका.