परदेशी प्राध्यापकांना पीएचडीसाठी मेल: संशोधनाची जुळणी दाखवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने मला तिच्या मेलचा मसुदा वाचायला दिला. समुद्रविज्ञानात एमएससी झालेली ही मुलगी. चोडण बेटावरच्या एका खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीत, बांध फुटून भातशेतीत भरतीचं पाणी शिरलं आणि तिथे खारफुटी वाढली. त्या चिखलातून तिने गाळाचे नमुने काढले होते. मेल जाणार होती उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरच्या एका प्राध्यापिकेला. त्यांचा गट, जुने बांध मुद्दाम उघडून पुन्हा भरतीखाली आणलेल्या जमिनींवर काम करतो. जुळणी यापेक्षा चांगली काय असणार! पण मसुद्यात ती कुठेच दिसत नव्हती. मेल इंग्रजीत होती, मजकूर साधारण असा:

«आपला शोधनिबंध मी आवडीने वाचला. किनारी गाळातल्या कार्बनवरचं आपलं काम महत्त्वाचं आहे. मीही खारफुटीतल्या कार्बनवर काम केलं आहे, त्यामुळे आपले विषय जुळतात.»

पहिली चूक इथेच आहे. विषयाचं नाव जुळलं म्हणजे संशोधन जुळलं असं होत नाही. ही तीन वाक्यं किनारी गाळावर काम करणाऱ्या कुणालाही पाठवता येतील, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. निबंधाचा फक्त गोषवारा वाचला की अशीच वाक्यं सुचतात. मी तिला म्हटलं, शेवटचा चर्चेचा भाग वाच. पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते, हे लेखक तिथेच लिहितात.

तिने वाचलं. त्या गटाने नवा कार्बन आणि जमिनीतला जुना कार्बन, कार्बन-13 या कार्बनच्या जड प्रकाराच्या प्रमाणावरून वेगळे केले होते. तिथे हे जमतं, कारण नव्याने पसरलेलं स्पार्टिना गवत सी-4 प्रकारचं आहे आणि जुन्या कुरणातली गवतं सी-3 प्रकारची. हे दोन प्रकार प्रकाशसंश्लेषणात हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे दोन्हींत कार्बन-13 चं प्रमाण चांगलंच वेगळं असतं.

उत्साहाने तिने पुढचा मसुदा लिहिला: «हीच पद्धत मी गोव्यातल्या खाजनाला लावेन.» ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा जास्त नुकसान करणारी. भात सी-3 आहे आणि खारफुटीही सी-3. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणजे शेतीचा जुना कार्बन कुठला आणि खारफुटीचा नवा कुठला, हे त्या खुणेवरून सांगता येणार नाही. त्या विषयातल्या माणसाला हे एका ओळीत दिसेल. मला मात्र इथेच खरा आनंद झाला, कारण त्यांची पद्धत जिथे थांबते तिथेच हिचं खाजन सुरू होत होतं. तिच्याकडे खरा प्रश्न होता, फक्त तिने तो झाकून टाकला होता.

तिसरी चूक लहान दिसते. तिने «कार्बन मोजला» असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिने वाळवलेला गाळ भट्टीत 550 अंश सेल्सिअसला जाळून वजनातली घट पाहिली होती. त्यातून सेंद्रिय द्रव्याचा अंदाज मिळतो, थेट कार्बन नाही. शिवाय खाजनाच्या चिकणमातीत मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही त्या तापमानाला निघून जातं, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. जे केलं तेच लिहायचं. शेवटी मेलचा गाभा असा झाला:

«आपल्या गटाने स्पार्टिनाचा नवा कार्बन आणि कुरणाचा जुना कार्बन, कार्बन-13 वरून वेगळे केले आहेत. गोव्यात बांध फुटलेल्या एका खाजनातून मी 40 सेंटिमीटर खोलीपर्यंत गाळाचे सहा उभे गाभे काढले आणि दर 2 सेंटिमीटरला जाळून सेंद्रिय द्रव्य मोजलं. पण भात आणि खारफुटी दोन्ही सी-3 असल्याने इथे ती खूण उपयोगी पडत नाही. टॅराक्सेरॉलसारख्या, खारफुटीच्या पानांतून येणाऱ्या मेदद्रव्यांवरून हे दोन साठे वेगळे करता येतील का, यावर मला आपल्या गटात काम करायचं आहे.»

त्यांनी काय केलं, मी हाताने काय केलं, आणि दोन्हींमधून कोणता प्रश्न उरतो, एवढंच. बाकी मेलमध्ये एक ओळ ओळखीची आणि एक ओळ निधीची: जागा जाहीर होणार आहे का, की शिष्यवृत्ती स्वतः आणावी लागेल. सोबत सीव्ही. विषयाच्या ओळीत «पीएचडीची विनंती» ऐवजी खाजन आणि कार्बनचा स्रोत हे शब्द.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. «आमच्या संकेतस्थळावर अर्ज करा» एवढंच आलं तर जुळणी पोचली की नाही, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत तर बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा निर्णय समितीच घेते. पण उत्तरात कामाबद्दल प्रश्न आला, तर ती वाक्यं नक्की वाचली गेलीत.

तिला नवव्या दिवशी उत्तर आलं. या वर्षी जागा नव्हती, पुढच्या वर्षी एक निघण्याची शक्यता होती. खाली एक ओळ होती: गाभ्यांचा काही भाग गोठवून ठेवला आहे का, की सगळाच वाळवला? दोन गाभ्यांचे अर्धे भाग तिने प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये ठेवले होते. त्याच संध्याकाळी तिने तसं कळवलं.